फरक ३६,००० रुपयांचा

सांगलीतल्या एखाद्या हार्डवेअर दुकानदाराचं उदाहरण घेऊ. जीएसटीची 'एएसएमटी-१०' नोटीस आली: वर्षभराच्या जीएसटीआर-१ मधला कर जीएसटीआर-३बीपेक्षा ३६,००० रुपयांनी जास्त. उत्तर नोटिशीतल्या मुदतीत, साधारण ३० दिवसांत, 'एएसएमटी-११' मध्ये द्यायचं असतं.

'चूक झाली, माफ करावे' एवढं लिहून भागत नाही. महिनावार तक्ता मांडला की फरक नेमका कुठला ते दिसतं. इथं तो एकट्या मार्चमध्ये होता. दोन लाखांचं एक बिल जीएसटीआर-१ मध्ये मार्चलाच दाखवलं, पण त्यावरचा १८ टक्के कर एप्रिलच्या ३बीमध्ये, २० मे रोजी भरला गेला. म्हणजे कर बुडाला नव्हता. पुढच्या आर्थिक वर्षात गेला होता.

उत्तरात बिलाचा क्रमांक, तारीख आणि दोन्ही महिन्यांच्या ३बीच्या प्रती जोडाव्यात. मात्र २० एप्रिलची मुदत चुकल्यानं तीस दिवसांचं व्याज लागतंच: १८ टक्क्यांनी सुमारे ५३३ रुपये. ते स्वतःहून 'डीआरसी-०३' ने भरून पावती उत्तराला जोडणं शहाणपणाचं.

खुलासा पटला तर अधिकारी 'एएसएमटी-१२' देऊन प्रकरण मिटवतो. उत्तरच दिलं नाही, तर करमागणीची कारवाई सुरू होऊ शकते.