तीन कागद, तीन कामे

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून बीएस्सी झालेली मुलगी पुण्याच्या विद्यापीठात एमएस्सीला जाते, तेव्हा निकाल लागलेला असतो, पण दीक्षान्त समारंभ व्हायचा असतो. या मधल्या काळात उत्तीर्ण झाल्याचा पुरावा म्हणून प्रोव्हिजनल सर्टिफिकेट चालते.

मूळ पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळते आणि कायम उपयोगी पडते. नोकरीतली कागदपत्र पडताळणी, परदेशासाठीचे साक्षांकन यांसाठी सहसा तेच मागतात.

मायग्रेशनचा गुणांशी संबंध नाही. दुसऱ्या विद्यापीठात जाण्यास जुन्या विद्यापीठाची हरकत नाही, एवढेच ते सांगते. त्याच विद्यापीठात पुढे शिकताना ते सहसा लागत नाही. नवे विद्यापीठ मूळ प्रतच जमा करून घेते. म्हणून आधी झेरॉक्स काढून ठेवावी.