५-एचटीपी आणि नैराश्यावरील औषधे : एक घातक संयोग

झोप व मनःस्वास्थ्यासाठी ‘५-एचटीपी’ या नावाच्या कॅप्सूल हल्ली रुग्ण स्वतःहून मागतात. हे ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन पश्चिम आफ्रिकेतील ग्रिफोनिया या शिंबीवर्गीय वनस्पतीच्या बियांतून काढतात. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य, सबब निरुपद्रवी’ असा समज होतो.

आहारातील ट्रिप्टोफॅनपासून शरीर दोन पायऱ्यांनी सिरोटोनिन बनविते. पहिल्या पायरीत ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे विकर ५-एचटीपी तयार करते. हे विकर संथ असून संपूर्ण निर्मितीचा वेग त्याच्याच हाती असतो. दुसऱ्या पायरीतील डिकार्बॉक्सिलेज विकर मात्र विपुल व तत्पर आहे. ते मेंदूबरोबरच आतडी, यकृत व वृक्क यांतही आढळते. पहिले विकर म्हणजे कालव्याचा दरवाजा मानला, तर ५-एचटीपी गिळणे म्हणजे दरवाजाच्या पुढे थेट पाणी सोडणे होय. शिवाय सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, ५-एचटीपी शिरते. आपल्या परिचयाच्या कपिकच्छूतील एल-डोपाही अशाच रीतीने आपली संथ पायरी टाळते आणि याच डिकार्बॉक्सिलेजमुळे त्याचे डोपामिन होते.

आता समजा, धाराशिवमधील एक गृहिणी एस्सिटॅलोप्रॅम घेत आहे. हे औषध चेतापेशीबाहेर आलेले सिरोटोनिन परत आत ओढू देत नाही. त्यात झोपेसाठी ५-एचटीपीची भर पडली, की आवक अनिर्बंध आणि निचरा मंद. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक औषधे तर सिरोटोनिनचे विघटनच थांबवितात; त्यांच्याबरोबरचा धोका सर्वाधिक. ट्रॅमाडॉल व लिनेझोलिड यांचीही चौकशी करावी. एस्सिटॅलोप्रॅमबरोबर प्रत्येकास विषबाधा होईलच असे नाही, परंतु कोणास होईल हे आधी ओळखता येत नाही.

लक्षणे बहुधा मात्रा घेतल्यावर काही तासांतच दिसतात : बेचैनी, कंप, घाम, जुलाब, विस्फारलेल्या बाहुल्या. ज्वर समजून फसगत होते ती येथेच. रुग्णाचे पाऊल झटक्याने वर दाबून धरावे. घोटा आपोआप लयीत उडत राहिला, तर तो क्लोनस होय आणि निदानास तोच सर्वांत उपयोगी. येथील ताप स्नायूंच्या अतिक्रियेमुळे चढत असल्याने पॅरासिटामॉलने उतरत नाही. दोन्ही औषधे थांबवून रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तेथे स्नायू शिथिल करण्यासाठी बेंझोडायझेपिन व प्रसंगी सायप्रोहेप्टाडिन देतात. भूक वाढविण्यासाठी आपल्याकडे सर्रास विकले जाणारे हेच ते सायप्रोहेप्टाडिन. पण म्हणून दुकानातच उपचार करू नयेत.

‘ती गोळी मी केव्हाच सोडली’ या उत्तरावर विसंबता येत नाही. फ्लुओक्सेटिनचा क्रियाशील अंश गोळी बंद केल्यावरही सुमारे पाच आठवडे शरीरात राहतो, तेव्हा शेवटची गोळी कोणत्या तारखेस घेतली, हेच विचारावे.