छतावरच्या सोलरचा हिशेब : माहितीपत्रकात काय छापलेले असावे

घरासाठी सोलर विकणाऱ्या माहितीपत्रकात बहुधा एकच मोठा आकडा असतो : ‘दीड वर्षात पैसे वसूल’. हा आकडा आला कुठून, हे मात्र पानावर कुठेच नसते. म्हणून घरमालकाला तो तपासता येत नाही. त्याच्यामागचा गुणाकार सोपा असतो : वर्षभरात तयार होणारी सगळी वीज गुणिले बिलातला सर्वांत महाग दर. चूक नेमकी इथेच होते.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिली १०० युनिट स्वस्त, पुढची ३०० पर्यंतची महाग, त्यापुढची त्याहून महाग. सोलरची वीज बिलातून वजा होते ती वरच्या टोकाकडून. त्यामुळे पहिल्या किलोवॅटने वाचवलेली युनिटे महाग असतात, नंतरच्या किलोवॅटची स्वस्त.

समजा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून या तीन टप्प्यांचे दर ७, १३ आणि १८ रुपये आहेत. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात आपल्या बिलावरचे घालावेत. एका कुटुंबाचा सरासरी वापर महिन्याला २५० युनिट. म्हणजे १०० युनिटांचे ७०० आणि १५० युनिटांचे १,९५० मिळून २,६५० रुपये. स्थिर आकार वेगळा. तो सोलर बसवल्यावरही भरावाच लागतो.

या घराला तीन किलोवॅटची यंत्रणा १,९०,००० रुपयांना सुचवली जाते. पीएम सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते, म्हणजे पदरचे १,१२,०००. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिट देतो असे धरले, तर वर्षाला ४,३२० युनिट तयार होतात. माहितीपत्रक त्यांना १८ ने गुणते आणि ७७,७६० रुपयांची बचत दाखवते. पण हे घर १८ रुपयांच्या टप्प्यात पोचतच नाही!

खरी बचत वर्षाला २,६५० गुणिले १२, म्हणजे ३१,८०० रुपये. घराचा वर्षाचा वापर ३,००० युनिट. उरलेली १,३२० युनिटे ग्रिडमध्ये जातात. नेट मीटरिंगमध्ये ही शिल्लक महिन्यामागून महिना पुढे सरकते आणि आर्थिक वर्षाअखेर जे उरते त्याला बिलापेक्षा बराच कमी दर मिळतो. तो ३ रुपये धरला तर ३,९६० रुपये. धुण्यापुसण्याचे, देखभालीचे २,००० वजा केले की हातात ३३,७६० राहतात. पैसे फिटायला सुमारे तीन वर्षे चार महिने लागतात. हा व्यवहारही चांगलाच आहे. मग दीड वर्ष छापायची गरज काय?

आता त्याच घरासाठी दोन किलोवॅट पाहू. किंमत १,४०,०००, अनुदान ६०,०००, पदरचे ८०,०००. महिन्याला २४० युनिट तयार होतात, बिलात १० युनिटांचे ७० रुपये उरतात. देखभाल वजा जाता वर्षाला २८,९६० रुपये वाचतात आणि पावणेतीन वर्षांत रक्कम फिटते. म्हणजे तिसऱ्या किलोवॅटसाठी जास्तीचे ३२,००० घातले, तर त्यातून वर्षाला फक्त ४,८०० मिळतात; तेवढ्यापुरती वसुली जवळपास पावणेसात वर्षांची. वापर ४०० युनिट असता तर तोच तिसरा किलोवॅट अडीच वर्षांच्या आत फिटला असता. विक्रेत्याने ग्राहकाला दाखवायची सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि बहुतेक माहितीपत्रकांत ती नसते.

प्रामाणिक माहितीपत्रकात म्हणूनच बिलाचे दोन तक्ते शेजारीशेजारी हवेत, सोलरआधीचा आणि नंतरचा, बारा महिन्यांचे. मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो, तो ग्राहकाने स्वतः भरावा. वीजनिर्मितीचा आकडा PVWatts या मोफत संकेतस्थळावर गाव, पॅनेलचा उतार आणि दिशा घालून पडताळता येतो. त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे त्याच गावातल्या एखाद्या जुन्या यंत्रणेच्या निर्मिती मीटरची वर्षभराची नोंद. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली पॅनेलवर पडत असेल, तर किती तास पडते आणि त्यासाठी किती युनिट कमी धरली, हे लिहिलेले असावे. पावसाळ्यात निर्मिती बरीच घटते, म्हणून फक्त एप्रिलचा आकडा दाखवणारे माहितीपत्रक बाजूला ठेवावे.

अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर खात्यात जमा होते, त्यामुळे आधी लागणारी पूर्ण रक्कम वेगळी छापावी. कर्ज असेल तर व्याज खर्चातच धरावे. विजेचे दर दरवर्षी वाढतील असे गृहीत धरून केलेला हिशेब स्वतंत्र ओळीत असावा, मुख्य आकडा आजच्या दराचाच. पंचवीस वर्षांची बचत सांगायची असेल, तर पॅनेलची ताकद वर्षाला साधारण अर्धा टक्का उतरते आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावा लागू शकतो, हे दोन्ही खर्चाच्या बाजूला मांडलेले असले पाहिजेत.