जनरेटर आणि पार्किंग : मेंटेनन्सच्या बिलातील दोन आकारण्या

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण सोसायटी सभासदांकडून कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली घेऊ शकते, हे आदर्श उपविधींच्या नियम ६५ मध्ये दिले आहे. ती रक्कम सभासदांत कशी वाटायची, ते नियम ६७ सांगतो. पार्किंगचे शुल्क तेथे नावानिशी आहे. जनरेटरसाठी मात्र वेगळे शीर्ष नाही. त्यामुळे पार्किंगच्या बाबतीत बहुतेक वाद 'कोणाकडून घ्यायचे' यावर होतात, तर जनरेटरच्या बाबतीत 'कशाच्या आधारे वाटायचे' यावर.

जनरेटर एकच असला तरी त्याची वीज दोन ठिकाणी जाते. एक भाग लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे यांना जातो. दुसरा भाग, जेथे तशी सोय केलेली असते तेथे, सदनिकांच्या आतल्या एखाद-दोन दिव्यांना आणि पंख्यांना मिळतो. पहिला भाग सामाईक सेवेचा आहे आणि तो सर्व सदनिकांवर समान विभागला जातो. लिफ्टच्या देखभालीचा खर्च ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या सर्व सभासदांनी सारखा द्यायचा, असे उपविधी स्पष्टच म्हणतात. त्यामुळे तळमजल्यावरच्या सभासदाला लिफ्टच्या बॅकअपमधून सूट मागता येत नाही. सेवा शुल्कही सदनिकेच्या क्षेत्रफळावर नव्हे, तर सदनिकांच्या संख्येवर समान विभागायचे असते. म्हणून सामाईक बॅकअपचा खर्च चौरस फुटाच्या दराने लावणे सहकारी सोसायटीत टिकत नाही. अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीत नियम वेगळा आहे. तेथे सामाईक खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो. आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, हे नोंदणी प्रमाणपत्रावरून आधी पाहावे.

सदनिकेच्या आतल्या बॅकअपचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, कारण ती सोय सर्वांकडे असतेच असे नाही. ज्याच्या घरात जनरेटरची जोडणीच नाही, त्याच्याकडून शेजाऱ्याच्या पंख्याचे डिझेल वसूल करण्याला कोणतेही समर्थन देता येत नाही. ही विभागणी नेमकी करण्यासाठी सामाईक पॅनेलवर एक उपमीटर आणि प्रत्येक जोडणीवर जनरेटरचे युनिट वेगळे मोजणारा मीटर लागतो. मीटर नसतील तर जोडलेल्या भाराच्या प्रमाणात वाटणी करतात. ती अंदाजी असते, तरी सरसकट समान वाटणीपेक्षा न्याय्य ठरते.

साठ सदनिकांच्या एका सोसायटीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. चाळीस घरांत बॅकअपची जोडणी आहे, वीस घरांत नाही. एका महिन्यात जनरेटरने ४५० युनिट वीज दिली आणि १५० लिटर डिझेल लागले. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरला, तर इंधनाचा खर्च १३,५०० रुपये, म्हणजे युनिटला ३० रुपये होतो. जनरेटर चालो वा न चालो, देखभालीचा करार, बॅटरी, तेल आणि फिल्टर यांसाठी महिन्याला ६,००० रुपये बाजूला पडतात.

उपमीटरवर सामाईक वापर २७० युनिट दिसतो. त्याचे ८,१०० रुपये साठ घरांत वाटले की प्रत्येकी १३५ रुपये येतात. स्थिर खर्चाचा साठ टक्के भाग, ३,६०० रुपये, सामाईक वापराकडे धरला, तर त्याचे आणखी ६० रुपये. म्हणजे जोडणी नसलेल्या घराला एकूण १९५ रुपये द्यायचे. स्थिर खर्चाचे उरलेले २,४०० रुपये जोडणी असलेल्या चाळीस घरांवर प्रत्येकी ६० रुपये होतात. त्यापुढे ज्याने जेवढे युनिट वापरले तेवढे त्याचे. सहा युनिट वापरणाऱ्याचे बिल १९५ अधिक ६० अधिक १८०, म्हणजे ४३५ रुपये होते. १९,५०० रुपयांचा हाच खर्च सरसकट वाटला असता, तर प्रत्येकाला ३२५ रुपये आले असते आणि जोडणी नसलेल्या वीस घरांनी दरमहा १३० रुपये दुसऱ्यांसाठी भरले असते.

या हिशेबाचा पाया लॉगबुक आहे. जनरेटर कधी सुरू झाला, कधी बंद झाला, तासमीटरचा आकडा आणि भरलेले डिझेल यांची नोंद त्यात असते. युनिट भागिले लिटर केले की गडबड लगेच दिसते. उदाहरणात लिटरला तीन युनिट पडतात आणि हलक्या भारावर चालणाऱ्या यंत्रासाठी ते पटण्यासारखे आहे. हाच आकडा दोनच्याही खाली आला, तर एकतर यंत्र त्याच्या क्षमतेच्या मानाने फारच कमी भारावर चालते आहे, किंवा डिझेल कुठेतरी गळते अथवा चोरीला जाते आहे. ज्या महिन्यात वीज क्वचितच गेली, त्या महिन्यातही आकारणी तेवढीच असेल, तर ती लॉगबुकवरून नव्हे, एखाद्या ठोक दराने लावली जात आहे. ठोक दराला सर्वसाधारण सभेची मंजुरी असली, तरी वर्षाअखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी त्याचा मेळ घालायला हवा.

पार्किंगचे शुल्क वापरावर नव्हे, वाटपावर अवलंबून असते. ज्या सभासदाला स्टिल्टमधील किंवा उघड्यावरील जागा वाटून दिली आहे, त्याने तेथे गाडी लावो वा न लावो, सर्वसाधारण सभेने ठरवलेला दर द्यायचा. गाडी विकली तरी जागा परत करेपर्यंत शुल्क सुरू राहते. एकापेक्षा जास्त जागा असतील तर प्रत्येकीचे शुल्क वेगळे. स्कूटर, मोटारसायकल किंवा रिक्षा लावायची असल्यास समितीची परवानगी घ्यावी लागते आणि त्यांचाही दर सभाच ठरवते. ज्याला जागाच दिलेली नाही, त्याच्या बिलात पार्किंगचे शीर्ष येता कामा नये.

भाडेकरूची गाडी असली, तरी बिल सभासदाच्याच नावे निघते. ते पैसे कोणी सोसायचे, हा सभासद आणि भाडेकरू यांच्या करारातला प्रश्न आहे. सदनिका भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क, २००१ च्या शासन आदेशानुसार, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. भाडेकरूंना पार्किंगचा कितीतरी चढा दर लावणे म्हणजे ही मर्यादा मागच्या दाराने ओलांडणे होय. पार्किंग हे सेवा शुल्कापेक्षा वेगळे शीर्ष असल्याने ते या दहा टक्क्यांच्या मूळ रकमेत धरू नये. सदनिकेतल्या बॅकअपचे मीटरवरचे पैसेही वेगळे दाखवावेत. ते सेवा शुल्कात मिसळले, तर बिनभोगवटा शुल्कही आपोआप फुगते.

जागेची मालकी हा वेगळा वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात, स्टिल्ट आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र सदनिकेसारखी विकता येत नाही, असे ठरवले. तेव्हा 'ही जागा मी बिल्डरकडून विकत घेतली आहे' एवढ्या कारणावर शुल्क नाकारणे सभासदाला जड जाते.

आकारणी चुकीची वाटल्यास सभासदाने प्रथम सचिवांकडे लेखी अर्ज करून दोन कागद मागावेत : दर ठरवणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाचे इतिवृत्त आणि जनरेटरच्या खर्चाचा तपशील. केवळ समितीच्या बैठकीतला निर्णय असेल, तर पार्किंगच्या दराला तो पुरेसा नाही. उत्तर न मिळाल्यास उपनिबंधकाकडे तक्रार करता येते आणि रकमेचा वाद सहकार न्यायालयात नेता येतो. या काळात अख्खे बिल अडवून धरणे धोक्याचे असते. थकबाकीवर व्याज चढते आणि सोसायटी वसुली दाखल्यासाठी निबंधकाकडे जाऊ शकते. वाद नसलेली रक्कम वेळेवर भरावी, आणि उरलेली भरताना ती हरकत राखून भरत असल्याचे लेखी कळवून त्या पत्राची पोच घ्यावी.