रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर गोवरची लस काही महिने का थांबवतात?

समजा, १४ महिन्यांच्या एका बाळाला पाच-सहा दिवस ताप आहे. डोळे लाल झालेत, ओठ फुटलेत, अंगावर पुरळ आहे आणि हातापायांना सूज आलीये. डॉक्टर निदान करतात, कावासाकी आजार. या आजारात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांना सूज येण्याचा धोका असतो, म्हणून बाळाला दवाखान्यात दाखल करून शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं जातं. त्यालाच डॉक्टर 'आयव्हीआयजी' म्हणतात. बाळ बरं होतं आणि घरी येतं.

महिन्याभरानं आई-बाबा बाळाला १५ महिन्यांच्या लशींसाठी घेऊन जातात. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) आणि कांजिण्यांची लस द्यायची असते. पण डिस्चार्ज कार्ड बघून बालरोगतज्ज्ञ सांगतात, "या दोन लशी आत्ता नको, ११ महिने पूर्ण झाल्यावर देऊ."

लस पुढे ढकलायची आणि तीही जवळपास वर्षभर? असं का, ते समजून घेऊ.

आयव्हीआयजीच्या बाटलीत असतं काय?

एखादा आजार होऊन गेला किंवा त्याची लस घेतली की आपलं शरीर त्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी म्हणजेच प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात फिरत राहतात आणि तोच विषाणू पुन्हा आला की त्याला चिकटून निकामी करतात.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मामधून वेगळी काढलेली प्रतिपिंडं. यातल्या बहुतेक दात्यांना लहानपणी गोवर होऊन गेलेला असतो किंवा त्यांनी गोवरची लस घेतलेली असते. त्यामुळे औषध कावासाकीसाठी दिलं, तरी त्यासोबत गोवर, रुबेला, कांजिण्यांविरुद्धची प्रतिपिंडंही बाळाच्या रक्तात जातात.

रक्त चढवल्यावरही हेच होतं, फक्त प्रमाण कमी असतं. प्रतिपिंडं रक्ताच्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात असतात. त्यामुळे प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्सच्या पिशवीतून ती जास्त जातात आणि लाल पेशींच्या पिशवीतून कमी. लाल पेशी सलाइननं धुऊन दिल्या असतील, तर जवळपास काहीच जात नाही.

मग लशीचं काय बिघडतं?

गोवर, रुबेला, गालगुंड आणि कांजिण्यांच्या लशींमध्ये जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो शरीरात गेल्यावर थोडा वाढतो. ही वाढ झाली, तरच शरीराला तो नीट ओळखू येतो आणि ते स्वतःची प्रतिपिंडं बनवायला शिकतं.

पण रक्तात उसनी प्रतिपिंडं आधीच हजर असतील, तर ती लशीतला विषाणू वाढायच्या आत पकडतात आणि निकामी करतात. शरीराला शिकायला काही उरतच नाही. पुढे काही महिन्यांनी उसनी प्रतिपिंडंही संपतात. कार्डावर लस दिल्याची नोंद आहे, पण बाळाला संरक्षण नाही, अशी परिस्थिती होते.

यात लशीपासून बाळाला अपाय होत नाही. लस फुकट जाते आणि ती फुकट गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाच प्रकार प्रत्येक बाळाच्या बाबतीत जन्मतः घडतो. आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळाकडे येतात आणि पहिले काही महिने टिकतात. म्हणूनच आपल्याकडे सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाचा पहिला डोस जन्मल्याबरोबर न देता नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात.

११ महिने हा आकडा कुठून आला?

बाहेरून आलेली प्रतिपिंडं शरीरात कायमची राहत नाहीत. साधारण तीन ते चार आठवड्यांत त्यांचं प्रमाण निम्मं होतं. पुढच्या तेवढ्याच काळात उरलेल्याचं निम्मं. हिशेब सोपा व्हावा म्हणून दर महिन्याला निम्मं होतं असं धरू.

कावासाकीमध्ये आयव्हीआयजीचा डोस वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम असतो. १० किलोच्या बाळाला एकूण २० ग्रॅम. आता दर किलोचा आकडा निम्मा करत जा. एका महिन्यानं १०००, दोन महिन्यांनी ५००, तीन महिन्यांनी २५०. असं करत गेलं की ११ महिन्यांनी तो १ मिलिग्रॅमच्या आसपास येतो.

आता दुसरं टोक बघू. साठवणुकीचं द्रावण घातलेल्या लाल पेशींच्या पिशवीतून नेहमीच्या प्रमाणात रक्त दिलं, तर दर किलोला साधारण १० मिलिग्रॅम प्रतिपिंडं जातात. तीन महिन्यांत ती १० वरून ५, मग अडीच आणि मग सव्वा मिलिग्रॅमवर येतात. इथे थांबायचा काळ आहे तीन महिने.

म्हणजे प्रतिपिंडं २०० पट जास्त असली, तरी थांबण्याचा काळ २०० पट होत नाही. मात्रा दुप्पट झाली की साधारण एक महिना वाढतो.

अमेरिकेच्या लसीकरण सल्लागार समितीनं यासाठी एक तक्ता केला आहे. त्यातले नेहमी लागणारे आकडे असे:

- धुतलेल्या लाल पेशी: थांबायची गरज नाही
- द्रावण घातलेल्या लाल पेशी: ३ महिने
- पॅक्ड लाल पेशी किंवा संपूर्ण रक्त: ६ महिने
- प्लाझ्मा किंवा प्लेटलेट्स: ७ महिने
- धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन: ३ महिने
- कुत्रा चावल्यावर जखमेत दिलं जाणारं मानवी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन: ४ महिने
- आयव्हीआयजी, दर किलोला ४०० मिलिग्रॅम: ८ महिने
- आयव्हीआयजी, दर किलोला २ ग्रॅम (कावासाकी): ११ महिने

हे आकडे सरासरीवरून काढलेले आहेत. प्रत्येक मुलाच्या शरीरात प्रतिपिंडं त्याच वेगानं कमी होतील असं नाही, म्हणून त्यात थोडी जास्तीची मुदत धरलेली असते. काही देशांच्या तक्त्यात आकडे वेगळे असतात, पण कारण तेच असतं.

सगळ्याच लशी थांबवायच्या का?

नाही, आणि इथेच पालकांची सगळ्यात मोठी गल्लत होते. 'लस थांबवा' ऐकून सगळंच लसीकरण थांबवलं जातं.

डीपीटी, हिपॅटायटिस बी, इंजेक्शनची पोलिओ लस, न्यूमोकोकल या लशींमध्ये जिवंत जंतू नसतो. त्यात काही वाढायचंच नसतं, त्यामुळे त्या ठरलेल्या तारखेलाच द्यायच्या. तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची आणि रोटाव्हायरसची लस जिवंत असते, पण त्यातला विषाणू आतड्यात वाढतो. रक्तातली उसनी प्रतिपिंडं तिथे फारशी आड येत नाहीत, म्हणून याही लशी थांबवत नाहीत. थांबायचं ते प्रामुख्यानं गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्यांच्या लशींसाठी.

आपल्या उदाहरणातलं बाळ

समजा, या बाळाला १० जानेवारी २०२५ रोजी आयव्हीआयजी दिलं. ११ महिने मोजायचे ते या तारखेपासून, आजार सुरू झाला त्या दिवसापासून नाही. म्हणजे एमएमआर आणि कांजिण्यांची लस १० डिसेंबर २०२५ नंतर. तेव्हा बाळ २५ महिन्यांचं असेल. दोन्ही लशी एकाच दिवशी देता येतात. एकाच दिवशी दिल्या नाहीत, तर त्यांच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं.

नऊ महिन्यांचा गोवरचा डोस आजारपणाच्या पाच महिने आधीच झालाय, त्यामुळे तो वाया गेलेला नाही. डीपीटीचा बूस्टर मात्र वेळेवरच, म्हणजे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा.

क्रम उलटा झाला तर? म्हणजे आधी एमएमआर दिली आणि आठवड्याभरात आयव्हीआयजी द्यावं लागलं. लशीतला विषाणू वाढून शरीराला शिकायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे लशीनंतर १४ दिवसांच्या आत रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं गेलं, तर तो डोस धरत नाहीत. ठरलेली मुदत संपल्यावर तो पुन्हा देतात.

रक्ततपासणी करून कळणार नाही का?

मुदत संपायच्या आत गोवरच्या प्रतिपिंडांची तपासणी केली, तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. पण ती प्रतिपिंडं बाळाची की दात्यांची, हे तपासणीतून कळत नाही. रिपोर्ट बघून 'आता लशीची गरज नाही' असं ठरवलं, तर फसगत होते.

या ११ महिन्यांत गोवर झाला तर?

सुरुवातीच्या काळात उसनी प्रतिपिंडं भरपूर असतात आणि ती गोवरापासूनही काही प्रमाणात वाचवतात. अडचणीचा काळ नंतरचा. तेव्हा प्रतिपिंडं संरक्षणाला अपुरी, पण लस निकामी करायला पुरेशी असू शकतात. त्या काळात घरातल्या इतरांची लस पूर्ण झालेली असणं हीच बाळाची ढाल.

आणि परिसरात साथ असेल, तर थांबायचा नियम बदलतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवरची साथ आली होती, तशा परिस्थितीत डॉक्टर मुदतीआधीही लस देऊ शकतात. थोडाफार उपयोग झाला तर झाला. पण तो डोस हिशेबात धरत नाहीत आणि मुदत संपल्यावर लस पुन्हा देतात. त्या साथीत काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा 'झिरो डोस' दिला गेला, तोही असाच नेहमीच्या डोसांमध्ये न धरता.

याच्या उलट चूक मात्र करू नका. लस लांबेल म्हणून रक्त, आयव्हीआयजी किंवा रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन टाळायचं नाही. लस नंतर देता येते. सरकारी केंद्रावर राहून गेलेला गोवर-रुबेलाचा डोस पाच वर्षांपर्यंत मिळतो.

दवाखान्यातून निघताना काय मागून घ्याल?

तीन गोष्टी लिहून घ्या: नेमकं काय दिलं, किती दिलं आणि कोणत्या तारखेला. 'रक्त चढवलं' एवढीच नोंद पुरत नाही, कारण धुतलेल्या लाल पेशी आणि प्लेटलेट्स यांच्यात सात महिन्यांचा फरक पडतो. आयव्हीआयजी असेल, तर ग्रॅममधला डोस आणि त्या दिवशीचं वजन लिहिलेलं हवं. हीच नोंद लसीकरणाच्या कार्डावर करून ठेवा. लस देणारी नर्स किंवा आशाताई डिस्चार्ज कार्ड बघेलच असं नाही, लसीकरणाचं कार्ड मात्र ती नक्की बघते.