जुन्या फोनची किंमत कशी ठरते?

दिवाळीच्या आधी मोबाइल दुकानांच्या पोस्ट दिसायला लागतात: ‘जुना फोन आणा, १४,००० रुपयांपर्यंत एक्स्चेंज मिळवा.’ ग्राहक तो आकडा मनात धरून दुकानात येतो. काउंटरवरचा मुलगा फोन हातात घेतो, ॲपमध्ये काही प्रश्नांची उत्तरं भरतो आणि साडेसात-आठ हजारांचा भाव सांगतो. मग वाद सुरू होतो. बहुतेक वेळा त्यात लबाडी कुणाचीच नसते. पोस्टमधला आकडा कोणत्या फोनसाठी होता, हे पोस्टमध्ये लिहिलेलं नसतं, एवढंच.

त्या १४,००० रुपयांत सहसा दोन वेगळ्या रकमा असतात. एक म्हणजे जुन्या फोनची खरी किंमत. दुसरा एक्स्चेंज बोनस. हा बोनस बहुधा नवा फोन बनवणारी कंपनी ठराविक मॉडेलवर, ठराविक दिवसांपुरता देते, त्यामुळे जुन्या फोनवरच्या ओरखड्यांचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. घासाघीस होते ती पहिल्या रकमेवर. तीही अनेक दुकानांत दुकानदार स्वतः ठरवत नाही. जुने फोन विकत घेणाऱ्या कंपनीचं ॲप त्याच्याकडे असतं. त्यात मॉडेल, रॅम, स्टोरेज, आयएमईआय क्रमांक आणि फोनची अवस्था भरली की भाव दिसतो. कंपनी तो फोन पुढे दुरुस्त करून विकणाऱ्या व्यापाऱ्याला देते. म्हणून फोन पुन्हा विकण्याजोगा करायला किती खर्च येईल आणि त्यात जोखीम किती, या हिशोबाने ॲपमधली वजावट ठरते. ग्राहकाने फोन किती जपून वापरला, हे त्यात कुठेच भरलं जात नाही.

सगळ्यात जास्त पैसे कापले जातात डिस्प्लेवर. ॲमोलेड स्क्रीनच्या फोनमध्ये तो सहसा सर्वांत महागडा भाग असतो आणि दुरुस्तीवाले ज्याला ‘फोल्डर’ म्हणतात तो काच, टच आणि पॅनेल असा सगळा संच एकत्र बदलावा लागतो. वरून काच निर्दोष दिसली तरी आतलं पॅनेल खराब असू शकतं. पांढरं चित्र उघडून ब्राइटनेस पूर्ण वाढवला, की कीबोर्डची किंवा वरच्या पट्टीची पुसट सावली कायमची उमटली आहे का, ते कळतं. एखादी हिरवी-गुलाबी उभी रेष असेल तर तीही लपत नाही. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये डायलरवर *#0*# टाकलं की लाल, हिरवा, निळा पडदा आणि टचची चाचणी करता येते. जाणकार दुकानदार हे करतोच. ग्राहकाने घरून निघण्यापूर्वी केलं तर काउंटरवर धक्का बसत नाही.

कधी डिस्प्ले आधीच बदललेला असतो आणि स्वस्त कॉपी बसवलेली असते. स्क्रीनखालचं फिंगरप्रिंट चालेनासं होणं ही त्याची ठळक खूण. ॲमोलेडच्या जागी साधा एलसीडी फोल्डर बसला, तर तो सेन्सर बोट ओळखूच शकत नाही. आयफोनच्या नव्या मॉडेलमध्ये ही चौकशी आणखी सोपी आहे. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे गेल्यावर कोणते भाग बदलले ते दिसतं. अस्सल नसलेल्या भागापुढे Unknown Part असं येतं. बॅटरीचंही तसंच. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतील अशा बेताने बनवल्या आहेत. म्हणून बॅटरी हेल्थचा आकडा ८० च्या खाली गेला, की घेणारा बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करतो. फुगलेल्या बॅटरीने पाठ उचलली गेली असेल, तर अनेक ठिकाणी फोन घेतच नाहीत. ते रास्तच आहे, कारण अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

बिल आणि बॉक्सवर पैसे का कापतात, हे मात्र पुष्कळांना कळत नाही. चोरीचा फोन घेतला जाण्याची भीती हे त्यामागचं कारण. *#06# टाकल्यावर दिसणारा पंधरा अंकी आयएमईआय बॉक्सवरच्या आकड्याशी जुळला, की घेणारा निर्धास्त होतो. KYM, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस 14422 वर पाठवला, तर सरकारी नोंदीत फोनची स्थिती काय आहे तेही कळतं. तिथे फोन काळ्या यादीतला किंवा नक्कल क्रमांकाचा निघाला, तर तो कोणत्याही भावाने घेऊ नये.

आता हिशोब करून पाहू. समजा, पोस्टमधल्या १४,००० पैकी बोनस ३,००० आणि निर्दोष फोनची किंमत ११,००० आहे. डिस्प्लेवर खोल ओरखडे म्हणून १,५०० कापले, मागची काच तडकलेली म्हणून १,२०० आणि बिल-बॉक्स नाही म्हणून ५००. उरले ७,८००, बोनस धरून १०,८००. नवा फोन २६,००० चा असेल तर खिशातून १५,२०० जातील. पण तोच फोन एक्स्चेंजशिवाय २४,००० ला मिळत असेल आणि जुना फोन ओळखीत ९,००० ला खपत असेल, तर १५,००० तच काम होतं. १०,८०० हा आकडा ९,००० पेक्षा मोठा दिसतो, तरी इथे दोनशे रुपये जास्त जातात. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: ‘एक्स्चेंज न करता याच फोनची शेवटची किंमत किती?’ खरा बोनस किती, हे त्या उत्तरावरून कळतं.

कर कायदाही हाच आकडा विचारतो. जीएसटीच्या नियम २७ मध्ये उदाहरणच मोबाइलचं दिलं आहे. जुना फोन घेऊन नवा २०,००० ला दिला आणि एक्स्चेंजशिवाय त्याची किंमत २४,००० असेल, तर बाजारमूल्य २४,००० धरायचं. म्हणून बिलावर कर पूर्ण किमतीवर लागलेला दिसतो. त्यात दुकानदाराची चूक नसते.

जुना फोन देण्याआधी सर्वांत घातक चूक होते ती लॉकची. अँड्रॉइडमध्ये आधी गुगल खातं काढून टाकायचं आणि मग सेटिंग्जमधूनच रीसेट करायचं. बटणं दाबून रीसेट केलं, तर फोन पुन्हा जुन्या खात्याचाच पासवर्ड मागतो. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ बंद करावं लागतं. लॉक अडकलेला फोन पुढे वापरता येत नाही, त्यामुळे त्याला फक्त सुट्या भागांचाच भाव येतो आणि तो फारच कमी असतो.

दुकानदारांनीही पोस्ट टाकताना थोडे कष्ट घ्यावेत. एकाच मॉडेलचे चार फोटो टाकावेत: निर्दोष, ओरखडे पडलेला, काच तडकलेला आणि स्क्रीनवर रेष आलेला. प्रत्येकाखाली त्या दिवसाचा भाव, बोनस वेगळ्या ओळीत आणि भाव किती दिवस टिकेल ती तारीख द्यावी. फोन हातात आल्यावर ग्राहकासमोरच तपासावा आणि वजावट कशाकशाची झाली, ते कागदावर लिहून द्यावं. पावतीवर जुन्या फोनचा आयएमईआय, देणाऱ्याचं नाव आणि तारीख असावी. ग्राहकाने ती नव्या फोनच्या बिलासोबतच जपून ठेवावी. पुढे तो जुना फोन एखाद्या गुन्ह्यात सापडलाच, तर तो कोणत्या दिवशी कुणाकडे गेला, हे त्या पावतीवरून दाखवता येतं.