टीव्हीपर्यंत न पोहोचणारा वेग

स्मार्ट टीव्हीवर चित्रपट नीट चालू असतो, मग चित्र धूसर होते आणि पडद्याच्या मधोमध चक्र फिरू लागते. प्लॅन तर १०० एमबीपीएसचा असतो. एका फोर-के चित्रपटासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेसे मानते आणि फुल एचडीसाठी ५. त्यामुळे अशा वेळी २०० किंवा ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणे हा बहुतेकदा वाया जाणारा खर्च ठरतो. प्लॅनचा वेग राउटरपर्यंतचा असतो, आणि खोळंबा होतो तो राउटर ते टीव्ही या शेवटच्या टप्प्यात.

टीव्हीवरचे अ‍ॅप काही सेकंदांचे तुकडे आधीच उतरवून साठवत जाते. तुकडे उशिरा येऊ लागले की ते आधी चित्राचा दर्जा उतरवते, आणि साठा संपला की थांबते. म्हणजे सरासरी वेग चांगला असूनही वाय-फाय मध्येच अर्धा मिनिट ढेपाळले, तरी चक्र फिरतेच.

काहीही विकत घेण्याआधी वेग तीन ठिकाणी मोजावा: राउटरजवळ मोबाइलवर, टीव्हीला खेटून मोबाइलवर आणि खुद्द टीव्हीवर. टीव्हीत ब्राउझर असेल तर fast.com उघडता येते. मोजणी ज्या वेळी त्रास होतो त्याच वेळी, म्हणजे सहसा रात्री नऊच्या सुमारास, दोन-तीनदा करावी. दुपारची मोजणी फसवी असते, कारण तेव्हा शेजाऱ्यांची वाय-फाय शांत असतात.

समजा, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राउटर मुख्य दारामागे चपलांच्या कपाटावर आहे आणि टीव्ही दोन भिंतींपलीकडच्या खोलीत. राउटरजवळ ९४ एमबीपीएस मिळतात, टीव्हीजवळ मोबाइलवर ३०, पण टीव्हीवर कधी १२ तर कधी ३. इथे लाइन निर्दोष आहे. राउटरजवळच १० मिळाले असते, तर दोष कंपनीच्या बाजूचा किंवा राउटरचा असता आणि पुढचा एकही उपाय कामाला आला नसता. वेग तिन्हीकडे चांगला आणि तरी एकच अ‍ॅप अडखळत असेल, तर ते अ‍ॅप किंवा टीव्हीची भरलेली मेमरी तपासावी.

मोबाइलला ३० आणि टीव्हीला ३, असे का? टीव्हीचा अँटेना बहुधा पडद्यामागे, भिंतीकडच्या बाजूला असतो. शिवाय असा टीव्ही अनेकदा २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर असतो. हा पट्टा भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतले वीस-पंचवीस राउटर त्यातच दाटी करतात. ५ गिगाहर्ट्‌झवर मोकळीक जास्त असते, पण भिंती, विशेषतः आरसीसीच्या, त्याला फार अडवतात.

म्हणून पहिला प्रयोग फुकटचा. राउटर कपाटातून बाहेर काढून डोक्याच्या उंचीवर, शक्यतो टीव्हीच्या खोलीचे दार समोर येईल असा ठेवावा आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या नावाला जोडून पाहावा. मधली एक भिंत टळली तरी मोठा फरक पडतो. फायबरची बारीक वायर मात्र ताणू किंवा घट्ट वळवू नये. त्यात प्रकाश गळतो आणि वायर तुटली तर डब्यावर LOS चा लाल दिवा लागतो. टीव्हीवर रात्री सलग २५ एमबीपीएस टिकले, तर पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

तेवढ्याने भागले नाही आणि त्रास फक्त टीव्हीलाच असेल, तर केबल हाच खरा इलाज. वीस मीटरची तयार कॅट-६ केबल आणून एक रात्र जमिनीवरून तशीच टाकून पाहावी. चक्र थांबले, तर मगच पट्टीतून नेटकी बसवून घ्यावी. केबल पूर्ण तांब्याची असावी आणि विजेच्या वायरींच्या पाइपमधून नेऊ नये. बऱ्याच टीव्हींचा केबलचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो, त्यामुळे मोजणीत ९५च्या वर आकडा दिसत नाही. चित्रपटाला तो भरपूर आहे.

त्याच खोलीत लॅपटॉप आणि मोबाइलही रखडत असतील, तर त्याच केबलच्या टोकाला छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा. त्यालाही राउटरपासून केबल लागतेच, हे दुकानात क्वचितच सांगितले जाते. केबलशिवाय चालणारा रिपीटर साधा असेल, तर त्याच हवेतून घेतो आणि त्याच हवेतून देतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. टीव्हीशेजारी ठेवला तर त्याला मुळातच कमकुवत सिग्नल मिळतो. घरात पडून असलेला जुना राउटरही अ‍ॅक्सेस पॉइंट होऊ शकतो: त्यातले DHCP बंद करावे, त्याचा पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि केबल WAN ऐवजी LAN च्या खाचेत लावावी. त्याचा चॅनेल मुख्य राउटरपेक्षा वेगळा निवडावा आणि अ‍ॅक्सेस पॉइंटला मोकळी खाच असेल, तर टीव्ही तिथेही केबलनेच जोडावा.